शेततळ्यातला तराफा: किती बुडेल?

२ मार्च २०२५, नाशिकजवळचं गिरणारे

दाजींच्या शेततळ्यातला पाणबुडी पंप आजवर काठावरून उतारावर सोडलेला असायचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंप आणखी खाली सरकवायचा, आणि दर वेळी पंपाचा तळ शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर घासायचा. गेल्या वर्षी कागद दोन ठिकाणी फाटला. शिवाय तळाशी टेकलेला पंप गाळ ओढतो आणि ठिबकचा फिल्टर रोज धुवावा लागतो. एप्रिलमध्ये द्राक्षांची खरड छाटणी, तेव्हा तर पाण्याला खंड चालत नाही.

उपाय जुनाच: चार ड्रमांचा तराफा करायचा आणि पंप साखळीने त्याच्या मधोमध, पाण्यात दीड मीटर खाली टांगायचा. पाणी कितीही उतरलं तरी पंप पृष्ठभागापासून तेवढाच खाली राहील. वेल्डर म्हणाला, "चार ड्रम लावा, हत्ती उभा राहील." मी सातपूरला क्वालिटीत काम करतो. हत्तीचं वजन विचारल्याशिवाय मला झोप येत नाही. तराफा पाण्यात नेमका किती सेंटिमीटर बुडेल हे आधी कागदावर काढायचं आणि मग मोजून बघायचं, असं ठरवलंय. त्यासाठीच ही वही.

८ मार्च, सिडको, घरी

आधी काटा तपासला. कांद्याच्या गोण्यांसाठी दाजींकडे लटकता डिजिटल काटा आहे, १०० ग्रॅमचाही फरक दाखवतो. पण घरी सुरुवात बॅगा मोजायच्या छोट्या काट्याने केली, आणि मोजायला घेतला आईचा वरवंटा. इथला काळा बेसाल्टच.

हवेत वजन २.४६ किलो. दोरीने बांधून बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवला, तळाला टेकू दिला नाही, तर काटा १.६१. म्हणजे ०.८५ किलो "गेले". हे गेलेलं वजन म्हणजे प्लावक बल. वरवंट्याने जेवढं पाणी बाजूला सारलं त्याचं ते वजन, म्हणून वरवंट्याचं आकारमान ०.८५ लिटर. घनता २.४६ भागिले ०.८५, म्हणजे २.८९. बेसाल्टला शोभेल अशी.

भाचा सुट्टीला आलाय. त्याचा प्रश्न चांगला होता: "मामा, ते ०.८५ किलो गेलं कुठे?" म्हणून बादली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि वरवंटा टांगूनच पुन्हा बुडवला. वर हातातल्या काट्यावर १.६१, खाली बादलीच्या काट्यावर ०.८५. वरवंटा तळाला लागलेला नाही, तरी बादली जड झाली. पाणी दगडाला वर ढकलतं तसंच दगड पाण्याला खाली दाबतो, आणि बादली ते वजन खाली पोहोचवते. वजन कुठेही गेलेलं नाही, हातातून निघून बादलीत आलंय. वरवंटा अर्धा बुडवला तर बादली साधारण निम्मीच वाढते. पूर्ण बुडाल्यावर मात्र तो आणखी खोल नेला तरी दोन्ही आकडे हलत नाहीत. मग मुद्दाम तळाला टेकवून पाहिला: वरचा काटा झपाझप उतरला, खालचा चढला. पंप मोजताना ही चूक होऊ शकते, म्हणून लिहून ठेवतो. साखळी सैल पडली की आकडा खोटा.

९ मार्च, गिरणारे

अंबडहून जुने निळे प्लास्टिकचे ड्रम आणले, चार. आधी त्यांत काय होतं ते विचारून घेतलं, तरी तीनदा धुतले. ड्रमवर २०० लिटर लिहिलेलं असतं, पण ते भरायचं माप. एक ड्रम काठोकाठ भरून पाहिला तर २१६ लिटर बसले. रिकाम्या ड्रमचं वजन ९ किलो. या प्लास्टिकची घनता ०.९५ च्या आसपास, म्हणजे ड्रमची भिंतच साडेनऊ लिटर जागा व्यापते. दोन्ही मिळून बाहेरून २२५ लिटर. बुडण्याच्या हिशेबात बाहेरचंच आकारमान धरायचं, आतलं नाही.

मग एक रिकामा ड्रम गुरांच्या हौदात आडवा सोडला. तरंगणाऱ्या वस्तूचा नियम सोपा: तिच्या वजनाइतकंच पाणी ती बाजूला सारते, त्याहून थेंबभर जास्त नाही. ९ किलोचा ड्रम ९ लिटर पाणी सारणार. २२५ पैकी ९, म्हणजे ४ टक्के. ड्रमचा व्यास ५८ सेंमी. त्याचे ४ टक्के सव्वादोन सेंमी. खडूने तिथे रेघ मारली आणि भाच्याला ऐटीत सांगितलं, "पाणी इथपर्यंत येईल."

पाणी ५ सेंमीपर्यंत आलं. दुप्पट!

पहिला संशय वजनावर. पुन्हा मोजलं, ९ च. ड्रममध्ये पाणी राहिलंय का ते उलटं करून पाहिलं, नाही. शेवटी चूक माझ्याच डोक्यात निघाली. ४ टक्के हा आकारमानाचा अंश आहे, खोलीचा नाही. ड्रम उभा असता तर दोन्ही एकच झाले असते, कारण उभ्या ड्रमची रुंदी वरपासून खालपर्यंत सारखी. आडव्या ड्रमचं पोट खाली निमुळतं. तळाच्या दोन सेंमीत फारसं आकारमान मावतच नाही, म्हणून तेवढे ९ लिटर सारायला तो जास्त खोल जातो.

संध्याकाळी सूत्र मांडलं. वर्तुळाच्या बुडालेल्या भागाने केंद्राशी केलेला कोन θ (रेडियनमध्ये), त्रिज्या R, बुडालेला अंश f, खोली h:

```
f = (θ − sin θ) / (2π)
h = R · (1 − cos(θ/2))
```

पहिल्या सूत्रातून θ सरळ सुटत नाही, अंदाजाने आकडे टाकत जवळ जायचं. f = ०.०४ साठी θ येतो १.१७, आणि h येते ४.८ सेंमी. हौदातले ५. माझी मोजपट्टी आणि हौदातल्या लाटा धरल्या तर जमलं. उलट बाजूने सांगायचं तर आडवा ड्रम पाव व्यासापर्यंत बुडतो तेव्हा त्याचं आकारमान पाव बुडालेलं नसतं, १९.६ टक्केच बुडालेलं असतं. बरोबर निम्म्यावर मात्र दोन्ही जुळतात.

१५ मार्च, गिरणारे

आज पंप. तो पाण्यात टांगलेला राहणार, म्हणून तराफ्यावर त्याचं हवेतलं वजन येणार नाही, पाण्यातलं आभासी वजन येणार. ते मोजायला लोखंडी घोडी उभी केली, तिला कांद्याचा काटा आणि काट्याला पंप. वायर काढून ठेवली होती. पाण्यातल्या पंपाशी खेळताना वायर जोडलेली नको, हे लिहायची गरज नसावी, पण लिहितो.

हवेत, कोरडा: ३८.० किलो. हौदात पूर्ण बुडवून: ३०.९.

फरक ७.१ किलो. म्हणजे लोखंड, तांबं, पोलाद मिळून ७.१ लिटर? घनता ५.४ आली. बिडाची घनताच ७ च्या वर आहे, आणि आत तांब्याचं वाइंडिंग. प्लास्टिकचे थोडे भाग धरले तरी ५.४ कमी वाटली. तेवढ्यात पंपाच्या तोंडातून बुडबुडे आले आणि काटा ३१.२ झाला. पंप दोरीने तिरका केला, भळभळ हवा निघाली, ३२.१. मोटरीचं बूच उघडून आत पाणी भरलं (या मोटरी आत पाणी भरूनच चालवायच्या असतात, ते मी विसरलो होतो), पुन्हा बुडवला, हलवला. आकडा ३२.६ वर थांबला आणि पाच मिनिटं तिथेच राहिला.

आता फरक ५.४ किलो, घनता ७.० ला टेकते. हे पटतं. आत अडकलेली १.७ लिटर हवा पंपाला १.७ किलोने हलकं दाखवत होती. लक्षण सोपं आहे: पाण्यात ठेवल्यावर आकडा हळूहळू चढत असेल तर आत हवा आहे. आकडा स्थिर होईपर्यंत लिहूच नये.

गंमत पुढे. पाणी भरलेला पंप बाहेर काढून टांगला तर हवेत ४०.५ किलो, म्हणजे पोटात अडीच किलो पाणी. दाजी म्हणाले, "मग तराफ्यावर अडीच किलो वाढले की." नाही. पाण्यात बुडालेल्या पाण्याला आभासी वजन नसतं. पोटातलं अडीच लिटर पाणी अडीच किलोने खाली ओढतं, पण तेवढीच जागा व्यापून अडीच किलोचा आधारही घेतं. तराफ्याच्या दृष्टीने ते हौदातल्या इतर पाण्यासारखंच. पंप आधी भरून सोडला असो वा पाण्यातच भरला असो, हवा सगळी निघाली असेल तर ३२.६ च.

हीच गोष्ट पाइपची. पाण्याखालच्या पाइपमधलं पाणी मोजायचं नाही. पाण्याच्या वर जेवढा पाइप निघतो तेवढ्यातलंच पाणी तराफ्यावर येतं.

१६ मार्च, घरी

बेरीज. चार ड्रम ३६ किलो. अँगलची चौकट ४४. वर ठोकलेल्या फळ्या १८. पंप पाण्यात ३२.६. पाण्यावर निघणारा पाइप, त्यातलं पाणी आणि काठाकडे लोंबणारा भाग अंदाजे ६. एकूण १३६.६, म्हणजे १३७ धरू.

फळ्या लाकडी आहेत, "त्या तरंगतातच की" असं दाजींचं म्हणणं. लाकूड तरंगतं ते पाण्यात असतं तेव्हा. पाण्याबाहेर ठेवलेली फळी एक थेंबही सारत नाही, तिचं वजन पूर्णच्या पूर्ण ड्रमांवर. चौकटीचंही तसंच.

चार ड्रमांचं आकारमान ९०२ लिटर (अर्ध्या लिटरवर भांडत नाही). बुडालेला अंश १३७ भागिले ९०२, १५.२ टक्के. सूत्रात घातलं: θ = १.९०, खोली १२.१ सेंमी. मागच्या आठवड्यातला मी असतो तर ८.८ लिहून मोकळा झालो असतो.

आणखी एक आकडा काढला, आणि कामाला हाच जास्त येईल असं वाटतंय. तराफा १२ सेंमी बुडालेला असताना पाण्याच्या पातळीवर प्रत्येक ड्रमची रुंदी ४७ सेंमी असते, लांबी सरासरी ८५. चारही मिळून पाण्याच्या पातळीतला काप १.६ चौरस मीटर. म्हणजे तराफा आणखी एक सेंमी खाली जायला १६ लिटर पाणी सारावं लागेल. एक सेंमी म्हणजे १६ किलो. तराफा स्वतःच वजनकाटा झाला.

१९ मार्च

रंगपंचमी. काम बंद. जुन्या नाशकात रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर गेलो होतो. भाच्याने धप्पा मारला आणि वर आल्यावर विचारलं, श्वास धरला तर वर येतो आणि सोडला की खाली का जातो. फुप्फुसं फुगली की आकारमान वाढतं, वजन तेवढंच. कानात रंग गेलेल्या पोराला एवढं पुरे.

२२ मार्च, गिरणारे

तराफा पाण्यात. चौघांनी उचलून काठावरून सरकवला, खाली जुनी सतरंजी घातली होती, कागद वाचला. पंप साखळीने मधोमध टांगला, पाइप जोडला. वारा पडेपर्यंत थांबलो, मग चारही ड्रमांवर मध्यभागी मोजपट्टी लावली. काठाकडचे दोन: १२.५, १२.५. लांबचे दोन: ११.५, १२. सरासरी १२.१.

खरं सांगायचं तर इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं. पट्टीवर अर्धा सेंमी इकडेतिकडे होतोच, त्यामुळे दशांशावर फुशारकी मारणार नाही. काठाकडची बाजू किंचित खाली, कारण पाइप तिकडून ओढतो.

२३ मार्च

सकाळी दाजींचा फोन: "तराफा लंगडतोय." येऊन मोजलं. काठाकडचे १५ आणि १३. १५ वाल्याच्या तिरक्या समोरचा १०.५, उरलेला १३. सरासरी १२.९.

वजनाचा हिशेब चुकला असता तर तो कालच दिसला असता. हे रात्रीत वाढलंय, म्हणजे पाणी शिरतंय. किती? सरासरी पाऊण सेंमीने वाढली, गुणिले १६, बारा किलो. आणि कुठे? चार कोपऱ्यांच्या तराफ्यावर एका कोपऱ्यात जास्तीचं वजन आलं तर तो कोपरा सरासरीच्या तिप्पट बसतो, शेजारचे दोन सरासरीइतके, आणि तिरक्या समोरचा तेवढाच वर उठतो. इथे +२.५, +०.५, +१, −१. नमुना हुबेहूब. काठाकडचा डावा ड्रम.

ड्रम काढून उलटा केला, बादलीत साडेबारा लिटर पाणी निघालं.

कारण लाजिरवाणं. ड्रमच्या एका तोंडावर समोरासमोर काठाजवळ दोन बुचं असतात. बांधताना तीन ड्रम नकळत बरोबर बसले, चौथ्याचं एक बूच तळाला आलं, म्हणजे पाण्याखाली. त्याचं वॉशर जुनं, कडक झालेलं. वॉशर बदललं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रम पाव फेरी फिरवला, जेणेकरून दोन्ही बुचं मध्यावर, २९ सेंमी उंचीवर आली. पाणी १२ वर, बूच २९ वर. उद्या वॉशर पुन्हा गेलं तरी तिथून पाणी शिरणार नाही.

२९ मार्च

उद्या पाडवा, म्हणून आजच उरकायचं. आठवडाभरात पाण्याची रेघ हलली नाही, ड्रम आतून कोरडे आहेत.

आज माणसं चढवून पाहिली. पंपाची मेन बंद, अंगात ट्यूब. आम्ही दोघं मिळून १४० किलो, मधोमध बसलो. एकूण २७७, अंश ३०.७ टक्के, सूत्राप्रमाणे २० सेंमी. मोजलं तर साडेएकोणीस ते वीस.

मग मी एकटा, ६८ किलो, काठाकडच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. एक सेंमीला १६ किलो या दराने सरासरी सव्वाचार सेंमी, कोपऱ्यात तिप्पट, म्हणजे पावणेतेरा. साडेबारात मिळवले तर २५ यायला हवे. आले २३. फरकाचं कारण पुन्हा ड्रमचं पोट: जसजसा तो खाली जातो तसतशी पाण्यावरची रुंदी वाढते, ४७ वरून ५५ च्या पुढे, आणि पुढचा प्रत्येक सेंमी महाग होतो. १६ चा दर १२ सेंमीच्या आसपासच खरा. निम्म्याच्या, म्हणजे २९ सेंमीच्या पुढे उलटं होतं. रुंदी पुन्हा कमी व्हायला लागते आणि कोपरा सहज आत जातो. म्हणून नियम केला: एका कोपऱ्यावर एकच माणूस, दुसरा समोर.

यावरून दाजींशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, खाली साडेबत्तीस किलोचा पंप लोंबतोय, तो तराफ्याला सरळ धरेल, नावेच्या तळातल्या दगडांसारखा. नावेतले दगड नावेला घट्ट असतात, ती कलली की तेही कलतात आणि तिला परत ओढतात. आपला पंप साखळीला आहे. तराफा कलला तरी पंप सरळ खालीच लोंबतो, त्याचं ओझं साखळीच्या कडीपाशीच येतं, जणू पंप कडीवरच ठेवलाय. दीड मीटर खोल टांगला काय आणि अर्धा मीटर काय, कलण्याच्या बाबतीत फरक शून्य. पंप कडक लोखंडी नळीला बांधला असता तर दाजी बरोबर. दाजींना पटलं नाही. मग साखळी हाताने बाजूला झुलवून दाखवली, तराफा हलला नाही. तेव्हा म्हणाले, "बरं, चहा घेऊ."

शेवटी चारही ड्रमांवर १२ सेंमीला पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ मारली, आणि वर खाली एकेक सेंमीला बारीक खुणा.

१२ एप्रिल

छाटणी झाली, पंप रोज चालू. दाजींनी फोनवर कोपरे वाचून दाखवले: काठाकडच्या दोन्ही रेघा एकेक सेंमी पाण्याखाली, लांबच्या दोन्ही आपल्या जागी.

एकच कोपरा खाली नाही, त्यामुळे गळती नाही. एका बाजूच्या मधोमध वजन आलं की ती बाजू सरासरीच्या दुप्पट बसते आणि समोरची हलत नाही. सरासरी अर्धा सेंमी, म्हणजे आठ किलो, तेही बरोबर पाइपच्या बाजूला. पाणी दोन फूट उतरलंय आणि काठावर बांधलेला पाइप तेवढाच राहिलाय. तो आता पाण्यावर न तरंगता काठापासून तराफ्यापर्यंत अधांतरी लोंबतोय, आणि त्यात पाणी भरलेलं. या पाइपमध्ये मीटरला अडीच लिटर, म्हणजे लोंबणाऱ्या भागातल्या तीन मीटरचा भार तराफ्यावर आला तरी झाले आठेक किलो.

काठावरची गाठ सोडून चार फूट पाइप आत ढकलायला सांगितला. तासाभराने दाजींचा मेसेज: "चारी रेघा दिसायला लागल्या."